क्लासचा खर्च ‘सुटायला’ नेमकी किती मुलं लागतात?

मार्च संपत आला की माझ्या फोनवर एकाच प्रकारचे प्रश्न येऊ लागतात. मी चौदा वर्षं नववी-दहावीचा क्लास चालवला, आता बंद केलाय, त्यामुळे मी कुणाचा स्पर्धक नाही आणि लोक मोकळेपणाने विचारतात. यंदा फोन भाचीचा होता. बी.एस्सी. झालेली, चार वर्षं दुसऱ्यांच्या क्लासमध्ये गणित-विज्ञान शिकवते, महिना १५ हजार मिळतात. तिने तालुक्याच्या गावात एक खोली बघून ठेवली होती. भाडं ८ हजार.

“मामा, मी हिशेब केलाय. हजार रुपये फी, वीस मुलं. महिन्याला वीस हजार. भाडं आठ. बारा हजार हातात. तीस मुलं झाली की बावीस. बरोबर ना?”

हा हिशेब मी इतक्या जणांकडून ऐकलाय की तो पाठ झालाय. त्यात बेरीज-वजाबाकी बरोबर असते. चुकतं ते हे की त्यात वर्ष नसतं, बाक नसतात आणि शिकवणारी व्यक्ती फुकट धरलेली असते. आम्ही दोघं एका रविवारी वही घेऊन बसलो. तो हिशेबच इथे मांडतो. आकडे तिच्या गावचे आणि तिच्या खोलीचे आहेत. तुमचे वेगळे निघतील, पण रीत हीच राहील.

खर्चाचे दोन ढीग

गावाकडच्या शेअर जीपचा विचार करा. जीप निघाली की डिझेल तेवढंच जळतं, आत चार जण असोत की दहा. ड्रायव्हरही तोच. क्लासचं असंच आहे. खोलीचं भाडं, विजेचं बिल, झाडलोट, बाहेरचा बोर्ड हे सगळं एक मूल आलं तरी लागतं आणि चाळीस आली तरी लागतं. याला स्थिर खर्च म्हणू. दुसरा ढीग मुलामागे वाढणारा: चाचणीचे पेपर, झेरॉक्स, नोट्स. क्लासमध्ये हा दुसरा ढीग फारच छोटा असतो, वर्षाला मुलामागे ५०० रुपये धरले तरी पुरे.

स्थिर खर्च आम्ही महिन्याचा न धरता वर्षाचा काढला. भाडं ९६ हजार. वीज, झाडलोट, फोन-इंटरनेट, मार्कर असं मिळून महिना ३ हजार, म्हणजे वर्षाचे ३६ हजार. जूनआधी लावायचे फ्लेक्स, हँडबिलं, व्यवसाय कराचे अडीच हजार, पंखा जळला तर दुरुस्ती, असे वरचे १२ हजार. झाले १ लाख ४४ हजार.

आता बाक, फळा, पंखे, इन्व्हर्टर, रंगरंगोटी. याला तिने ६० हजारांचं कोटेशन आणलं होतं. हे पैसे एकदाच जातात, पण बाक काही जन्मभर टिकत नाहीत. पाच वर्षांत त्यांची खिळखिळ होते, म्हणून दर वर्षाच्या माथी १२ हजार टाकले. एकूण स्थिर खर्च वर्षाला १ लाख ५६ हजार. घरमालकाकडे ठेवायचं तीन महिन्यांचं डिपॉझिट यात धरलं नाही, कारण ते परत मिळतं. अर्थात सुरुवातीला ते २४ हजार खिशातून काढावे लागतातच, तेही पहिली फी हातात पडण्याआधी.

हजार रुपये फी म्हणजे हातात हजार नव्हेत

भाडं बारा महिन्यांचं द्यावं लागतं. फी मिळते दहा महिन्यांची, जून ते मार्च. म्हणजे हजार रुपये महिन्याचं मूल वर्षाला १० हजार देतं, १२ नव्हे. भाचीच्या वहीत ही पहिलीच ओळ खोडली गेली.

दुसरी गळती सवलतीची. प्रवेशाच्या दिवसातला हा संवाद ज्याने क्लास चालवलाय त्याला कानात ऐकू येईल: “मॅडम, दोघं भावंडं आहेत, काहीतरी कमी करा ना.” “आमच्या शेजारच्यांचा तुमच्याकडेच येतो, त्यांना आठशे लावलेत म्हणे.” यातलं दुसरं वाक्य जास्त महाग पडतं. पहिल्या वर्षी मुलं जमवायला दहा जणांना सूट दिली, तर पुढच्या वर्षी तीच तुमची खरी फी होते. बोर्डावर काहीही लिहा, बाजाराला आकडा माहीत झालेला असतो.

तिसरी गळती शेवटच्या हप्त्याची. दहावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. जानेवारीत अभ्यासक्रम संपला, सराव पेपर झाले की मुलाचं येणं कमी होतं आणि पालकांचा फोन लागेनासा होतो. वाईट कुणी नसतं. गरज संपलेल्या गोष्टीचे पैसे द्यायला माणसाचा हात आखडतो, एवढंच. म्हणून माझ्याकडे तीन हप्ते असायचे: प्रवेशाच्या वेळी निम्मे, गणपतीनंतर तीस टक्के, उरलेले डिसेंबरच्या आत. हा नियम मी चौथ्या वर्षी केला. त्याआधीच्या तीन वर्षांत किती पैसे बुडाले ते मी घरात कधी सांगितलेलं नाही.

सूट आणि बुडीत मिळून आम्ही दहा टक्के धरले. १० हजारांतले ९ हजार हातात येतात, त्यातून झेरॉक्सचे ५०० गेले. एका मुलामागे वर्षाला उरले ८,५००. पुढचा सगळा हिशेब या एका आकड्यावर चालतो, त्यामुळे तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

१९ आणि ४०

जमाखर्च समसमान होतो, खिशातून घालावं लागत नाही आणि उरतही नाही, त्या जागेला व्यापारात ब्रेक-इव्हन म्हणतात. आपल्याकडे ‘खर्च सुटणं’ असा सरळ शब्द आहे, तोच वापरू.

१ लाख ५६ हजारांना ८,५०० ने भागलं की येतात अठराच्या थोडं वर. म्हणजे १९ मुलांवर खर्च सुटतो. भाचीला हायसं वाटलं. वीस मुलं तर सहज येतील!

मग मी विचारलं, “आणि तू वर्षभर कशावर जेवशील?”

१९ मुलांवर क्लास सुटतो, बाई सुटत नाही. खोलीचा मालक, वीज कंपनी, फ्लेक्सवाला सगळ्यांचे पैसे निघतात, शिकवणारी मात्र वर्षभर फुकट राबते. आज दुसऱ्यांकडे शिकवून तिला १५ हजार मिळतात, तेही झेरॉक्सची आणि फी-वसुलीची कटकट न करता. स्वतःचा क्लास काढल्यावर ती नोकरी सुटणार. तेव्हा वर्षाचे १ लाख ८० हजार हाही क्लासचा खर्चच. तो धरला की एकूण ३ लाख ३६ हजार, भागिले ८,५००. उत्तर ४०.

म्हणजे खरा प्रश्न वीस मुलं येतील का हा नाहीच. चाळीस मुलं आली तर ती जेमतेम आजच्या जागी येते. एकेचाळिसाव्या मुलापासून तिची स्वतःची कमाई सुरू होते.

चाळीस मुलं बसवायची कुठे?

खोली १२ बाय १५ फुटांची. कागदावर १८० चौरस फूट, बरीच वाटते. आम्ही जमिनीवर खडूने आखून पाहिलं. फळ्यासमोर शिकवणाऱ्याला उभं राहायला आणि पहिल्या बाकाला फळा डोळ्यांवर न येण्याइतकं अंतर ठेवायला पाच फूट गेले. उरले दहा. डेस्क आणि बसायची जागा मिळून एका रांगेला अडीच फूट लागतात, म्हणजे चार रांगा. रुंदीत मधे दोन फुटांची वाट सोडली की दोन्ही बाजूंना पाच-पाच फुटांचे बाक. एका बाकावर दोघं म्हणजे १६ मुलं.

तिघांना बसवलं तर २४ मावतात. मावतात म्हणजे बसतात, लिहू शकत नाहीत. भूमितीच्या तासाला कंपास उघडली की शेजाऱ्याच्या वहीवर. मधल्या मुलाला फळ्याशी बोलवायचं तर एकाला उठवावं लागतं, म्हणून तुम्ही त्याला बोलवणंच सोडून देता. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत प्रत्येक विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा सांगितली आहे. एक चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट. १८० चौरस फुटांत तेही १६ च येतात. आमच्या खडूने सरकारशी जमवून घेतलं, याचं मला उगीच बरं वाटलं.

बॅचची दुसरी मर्यादा भिंतींची नसते, पेपर तपासण्याची असते. गणिताचा वीस मार्कांचा पेपर नीट तपासायला, म्हणजे पायरी कुठे चुकली तिथे खूण करून, दहा मिनिटं लागतात. चाळीस मुलांची आठवड्याला एक चाचणी म्हणजे जवळजवळ सात तास. २४ च्या तीन बॅचेस, ७२ मुलं, म्हणजे बारा तास. हे शिकवण्याच्या वरचे. मग काय होतं ते मी पाहिलंय: चाचणी पंधरवड्याने होते, नंतर महिन्याने, नंतर मुलंच एकमेकांचे पेपर तपासतात. पालकांना ते दिवाळीपर्यंत कळतं आणि पुढच्या जूनमध्ये फोन येत नाहीत.

तर १६ ची बॅच. सकाळी ७ ते ९ दुपारच्या शाळेची मुलं, संध्याकाळी ५ ते ७ आणि ७ ते ९ उरलेली. तीन बॅचेस, ४८ जागा. गरज ४० ची. म्हणजे सहापैकी पाच बाक कायम भरलेले हवेत.

“मग सुरुवातीला फी कमी ठेवू. मुलं तरी येतील.”

हा सल्ला प्रत्येक नातेवाईक देतो, आणि ऐकायला तो शहाणपणाचाच वाटतो. करून पाहू.

हजाराऐवजी ८०० रुपये. वर्षाचे ८ हजार, दहा टक्के गळती जाऊन ७,२००, झेरॉक्स जाऊन ६,७००. आता ३ लाख ३६ हजारांना ६,७०० ने भागा. ५१ मुलं लागतात. खोलीत जागा आहेत ४८.

इथे भाची बराच वेळ वहीकडे बघत राहिली. फक्त दोनशे रुपये कमी केले आणि तीच खोली, त्याच तीन बॅचेस अगदी ठासून भरल्या तरी तिचा पगार सुटत नाही. कितीही छान शिकवा. फी कमी केल्यावर नुसती कमाई घटत नाही, लागणाऱ्या मुलांचा आकडाही वर सरकतो आणि तो खोलीच्या बाहेर जातो.

उलट करून पाहिलं. १,२०० रुपये ठेवले तर मुलामागे उरतात १०,३०० आणि लागतात ३३ मुलं. म्हणजे हजाराच्या फीला जी ४० लागत होती, त्यातली सात मुलं “महाग आहे” म्हणून गेली तरी ती तिथल्या तिथेच, वर पेपर सात कमी.

“पण नवीन माणसाला १,२०० कोण देईल?” रास्त शंका आहे. उत्तर गावातच मिळतं. आसपासच्या पाच क्लासेसची बोर्डावरची फी नको, त्यांच्याकडे जाणारी मुलं प्रत्यक्षात किती भरतात ते पालकांना विचारा. तिच्या गावात चालू आकडा ९०० ते १,१०० निघाला. नवख्या क्लासला वरच्या टोकाला जाणं अवघड, म्हणून आम्ही हजारच धरले. मात्र सूट द्यायचीच तर ती फीमध्ये न देता वेळेत द्यायची असं ठरवलं: उन्हाळी सुट्टीतले पंधरा दिवस मोफत, आवडलं तर पूर्ण फी. त्याने पुढच्या वर्षीचा भाव पडत नाही.

अर्धी भरलेली बॅच

एक गोष्ट जीपवाल्याला कळते, क्लासवाल्याला उशिरा कळते. जीपवाला तीन प्रवाशांवर गाडी काढत नाही.

समजा पहिल्या दोन बॅचेस जवळजवळ भरल्या आणि सकाळच्या बॅचला पाचच मुलं आली. त्यांना नाही म्हणवत नाही, आपण सुरू करतो. पाच मुलांचे वर्षाला ४२,५००. रोज दोन तास, वर्षाचे साधारण २६० दिवस, म्हणजे ५२० तास. तासाला ८२ रुपये पडले. तीच बॅच १६ ची असती तर तासाला २६० पडले असते. शिकवायचं तेवढंच, घसा तेवढाच बसतो.

आणि विज्ञानाला दुसरे सर ठेवले असतील, त्यांना तासाप्रमाणे मानधन असेल, तर पाच मुलांच्या बॅचमध्ये पैसे घरातून जाऊ लागतात. कारण सरांचं मानधन मुलामागे वाढत नाही, बॅचमागे वाढतं. म्हणून बॅच उघडण्याचा आकडा आधी ठरवावा. आम्ही ९ ठरवला. त्याखाली नाव लिहून घ्यायचं, फी घ्यायची नाही, आणि त्या पाच जणांना संध्याकाळच्या वेळेला येता येतं का ते विचारायचं. तिघं येतातच.

घरात सुरू केलं तर?

आता या सगळ्यातला माझ्या मते सर्वांत कामाचा भाग. तिच्या घराचा हॉल आहे. त्यात १२ मुलं बसतात, संध्याकाळी दोन बॅचेस म्हणजे २४. भाडं नाही. सतरंज्या, फोल्डिंग टेबलं, फळा, वीज, फ्लेक्स सगळं मिळून वर्षाला ३० हजार.

२० मुलं दोन्हीकडे धरून बघा. खोली घेतली तर १ लाख ७० हजारांतून १ लाख ५६ हजार गेले, उरले १४ हजार. वर्षाचे! घरी घेतली तर उरतात १ लाख ४० हजार. मुलं तीच, शिकवणं तेच.

घर पूर्ण भरलं, २४ मुलं झाली, तर उरतात १ लाख ७४ हजार. म्हणजे जवळजवळ आजच्या पगाराइतकेच. मग खोली घराला केव्हा मागे टाकते? खोलीत १ लाख ७४ हजारांहून जास्त उरायला ३९ मुलं लागतात.

या दोन आकड्यांच्या मधली जागा बघा. घर २४ ला भरतं. खोली ३९ पासून परवडते. मधे पंधरा मुलांची दरी आहे आणि बहुतेक छोटे क्लास या दरीत पडतात. घर भरलं, मुलं परत जायला लागली, उत्साहात खोली घेतली, मुलं २८-३० झाली. मुलं वाढलेली दिसतात, लोक अभिनंदन करतात, आणि हातात येणारे पैसे घरातल्यापेक्षा कमी झालेले असतात. ३० मुलांना खोलीत ९९ हजार उरतात, म्हणजे घरात २४ असताना उरायचे त्याहून ७५ हजारांनी कमी. माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय, अजून फ्लेक्स लावायला हवेत.

घरातल्या क्लासचे तोटे खोटे नाहीत. दारात चोवीस जोड चपला, सासूबाईंची मालिका, सोसायटी असेल तर तिची परवानगी, आणि “घरीच घेतात” म्हणून फी कमी विचारणारे पालक. पण हे तोटे किती रुपयांचे आहेत ते आता समोर दिसतंय.

दरी ओलांडायला एक फळी आहे. गावात प्ले ग्रुप असतात, शिवणक्लास असतात, ज्यांच्या खोल्या संध्याकाळी रिकाम्या पडतात. फक्त पाच ते नऊ या वेळेसाठी अशी खोली महिना ३ हजारांत मिळत असेल, तर भाडं ३६ हजार आणि बाकीचा खर्च ३४ हजार, एकूण ७० हजार. दोन बॅचेसमध्ये १६-१६ मिळून ३२ मुलं बसली की उरतात २ लाख २ हजार. आणि घराला मागे टाकायला ३९ नव्हे, २९ मुलं पुरतात.

करारातली तारीख

खोली पूर्ण वेळ घ्या की अर्धा वेळ, करार कागदावर हवा. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार लेखी करून नोंदवणं भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे बंधनकारक आहे. हे करार बहुधा ११ महिन्यांचे होतात आणि क्लासवाल्याला इथे एक काटा टोचतो. १ एप्रिलपासून खोली घेतली तर करार फेब्रुवारीअखेर संपतो. दहावीची मुलं ऐन परीक्षेत आणि घरमालक समोर बसून म्हणतो, “पुढच्या महिन्यापासून साडेनऊ करू.” त्या वेळी तुम्ही नाही म्हणूच शकत नाही. माझ्यासोबत हे घडलंय. करार १ जूनपासून केला तर तो ३० एप्रिलला संपतो, तेव्हा खोली रिकामी असते आणि बोलणी बरोबरीने होतात. त्याहून चांगलं म्हणजे भाडेवाढ आधीच लिहून तीन वर्षांचा करार करणं.

“पण सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासची बंदी आहे ना?”

वर सांगितलेल्या २०२४ च्या सूचना आल्या तेव्हा ही बातमी अशीच पसरली. त्यांत सोळा वर्षांखालच्या किंवा दहावीची परीक्षा न दिलेल्या मुलांना कोचिंग सेंटरने प्रवेश देऊ नये असं आहे, हे खरं. पण त्याच सूचनांत कोचिंग सेंटरची व्याख्याही आहे: ५० हून अधिक विद्यार्थ्यांना शिकवणारं केंद्र. शिवाय त्या केंद्र सरकारने राज्यांना दिलेल्या मार्गदर्शक सूचना आहेत, अंमलबजावणी राज्यांनी करायची. ४८ जागांचा क्लास त्या व्याख्येच्या आत येत नाही. पन्नाशी ओलांडायचा विचार असेल त्याने मात्र तोवर राज्याचा नियम काय झालाय ते बघूनच पुढचं पाऊल टाकावं. फीपरतीचा त्यातला नियम छोट्यांनीही घ्यावा असा आहे: मधेच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाचे पैसे दहा दिवसांत परत. वरच्या दहा टक्के गळतीत तेही बसतात.

जीएसटी? कोचिंगवर १८ टक्के आहे, पण सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तरच नोंदणी लागते. चाळीस मुलांचे ४ लाख होतात. आणि कुणी शाळेत शिक्षक असून संध्याकाळी क्लास काढायचा विचार करत असेल तर शिक्षण हक्क कायद्याचं २८ वं कलम शिक्षकांना खाजगी शिकवण्या करायला मनाई करतं. पत्नीच्या नावाने बोर्ड लावायची पद्धत मला माहीत आहे, तिच्याबद्दल इथे काही लिहीत नाही.

दर मार्चला खोली रिकामी होते

शेवटी भाचीनेच एक प्रश्न काढला, जो मला चौदा वर्षांपूर्वी सुचला असता तर बरं झालं असतं. “मामा, चाळीसातली दहावीची सगळी तर निघून जातील ना?”

जातात. किराणा दुकानाचं गिऱ्हाईक वर्षानुवर्षं टिकतं, दहावीचं मूल दहा महिन्यांत जातं. चाळीसांत ३२ दहावीची आणि ८ नववीची असतील तर दर जूनला किमान ३२ नवी मुलं शोधावी लागतात. तीच विभागणी २०-२० केली तर नववीतली बहुतेक पुढे येतात. वीसपैकी सोळा टिकली असं धरलं तर दहावीत चार आणि नववीत वीस, अशी २४ शोधावी लागतात. दहावीला ऐन जूनमध्ये येणाऱ्या मुलाचा पाया कुणी घातला हे तुम्हाला माहीत नसतं आणि त्याचा निकाल मात्र तुमच्या फ्लेक्सवर जातो. त्यामुळे पहिली बॅच नववीची भरावी, तीही गावातल्या मोठ्या क्लासच्या जाहिराती दहावीकडे बघत असताना.

खोलीवाल्याला तिने नाही कळवलं. नववीची एक आणि दहावीची एक अशा दोन बॅचेस आधी घराच्या हॉलमध्ये, आणि नववीची तेरावी चौकशी आली त्या दिवशी ती एका प्ले ग्रुपच्या बाईंना जाऊन भेटली. खोली मिळाली, पाच ते नऊ, ३,००० रुपये. भिंतीवर ससा आणि फुलपाखरं आहेत, खुर्च्या गुडघ्याएवढ्या. दोन्ही बॅचेस एकामागून एक बसतात, म्हणून तिने फोल्डिंग खुर्च्या १८ च घेतल्यात.